दगड, कागद, कात्री, पाणी, आग: मिश्र रणनीती समतोलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ नेमका कोणता?

दगड-कागद-कात्री सगळ्यांना येतो. दगड कात्रीला हरवतो, कात्री कागदाला आणि कागद दगडाला. यात आपण दोन खेळी वाढवू. आग या तिघांनाही हरवते. पाणी फक्त आगीला हरवतं आणि दगड, कागद, कात्री या तिघांकडून हरतं. दोघांनी एकच खेळी केली तर डाव बरोबरीत सुटतो. जिंकणाऱ्याला १ गुण मिळतो आणि हरणाऱ्याचा १ गुण जातो.

कागद पाण्याला कसा काय हरवतो, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नियम आहे म्हणून. आपल्याला फक्त कोण कोणाला हरवतं याच्याशी देणंघेणं आहे.

मिश्र रणनीती समतोल म्हणजे काय?

दर वेळी एकच ठरलेली खेळी करणं ही शुद्ध रणनीती. कोणती खेळी किती प्रमाणात करायची हे ठरवून, प्रत्येक डावात त्या प्रमाणात चिठ्ठी काढल्यासारखी खेळी निवडणं ही मिश्र रणनीती. दोन्ही खेळाडूंची प्रमाणं अशी असतील की समोरच्याचं प्रमाण कळूनही कोणालाच आपलं प्रमाण बदलून जास्त गुण मिळवता येत नाहीत, तर त्या जोडीला समतोल म्हणतात.

व्याख्येतला ‘कळूनही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समतोलात असलेल्या खेळाडूने आपली टक्केवारी फळ्यावर लिहून ठेवली तरी त्याचं काही बिघडत नाही. लपवायची असते ती फक्त पुढच्या डावातली खेळी, आणि ती चिठ्ठी काढेपर्यंत त्यालाही ठाऊक नसते.

शुद्ध रणनीतीत इथे समतोल सापडत नाही. मी नेहमी आग खेळलो तर तुम्ही पाणी खेळाल, मग मी दगडावर जाईन, मग तुम्ही कागदावर किंवा आगीवर. हे चक्र कुठेच थांबत नाही.

पाच खेळी आहेत, मग प्रत्येक खेळी २० टक्के वेळा का नाही खेळायची?

साध्या दगड-कागद-कात्रीत प्रत्येकी १/३ हे उत्तर बरोबर येतं, म्हणून ‘सगळ्यांना सारखा वाटा’ असा नियम असल्याचा समज होतो. तिथे ते चालतं, कारण तिन्ही खेळींची परिस्थिती एकसारखी आहे: प्रत्येक खेळी एकीला हरवते आणि एकीकडून हरते. पाच खेळींचाही असा समसमान खेळ रचता येतो. सॅम कास आणि कॅरन ब्रायला यांचा दगड-कागद-कात्री-पाल-स्पॉक हा खेळ तसाच आहे. त्यात प्रत्येक खेळी दोघींना हरवते, दोघींकडून हरते, आणि समतोलात प्रत्येकीच्या वाट्याला १/५ येतो.

आपल्या खेळात तसं नाही. समजा तुम्ही पाचही खेळी प्रत्येकी १/५ वेळा खेळताय. मी सतत आग खेळतो. पाचातल्या तीन डावांत मी जिंकतो, एकात पाण्याकडून हरतो, एकात बरोबरी. माझी सरासरी दर डावाला २/५ गुण, म्हणजे शंभर डावांत साधारण ४० गुण. तुमचं प्रमाण माहीत असलेल्याला तुमच्याकडून असे गुण उकळता येत असतील, तर तो समतोल नव्हे.

मग खरं प्रमाण कसं काढायचं?

तत्त्व एकच: माझं प्रमाण असं हवं की समोरच्याला पाचही खेळींची सरासरी सारखीच पडावी. एखादी खेळी त्याला इतरांपेक्षा जास्त देऊ लागली, तर तो तिच्याकडेच वळेल आणि माझं नुकसान होईल. खेळ दोघांनाही सारखाच आहे आणि एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा आहे, त्यामुळे ही समान सरासरी शून्य असणार.

आता समोरच्याच्या एकेका खेळीच्या जागी उभे राहू. दगड, कागद आणि कात्री मिळून माझा जो वाटा आहे त्याला ‘तिघांचा वाटा’ म्हणू.

तो पाणी खेळला तर माझ्या आगीपुढे जिंकतो आणि तिघांपुढे हरतो. त्याची सरासरी शून्य व्हायला माझ्या आगीचा वाटा तिघांच्या वाट्याइतका हवा.

तो आग खेळला तर तिघांपुढे जिंकतो आणि पाण्यापुढे हरतो. म्हणून तिघांचा वाटा पाण्याच्या वाट्याइतका हवा.

आग, पाणी आणि तिघे मिळून, असे तीन समान वाटे झाले. प्रत्येकी १/३.

राहिला तिघांमधला हिशोब. तो दगड खेळला तर माझ्या कात्रीपुढे आणि पाण्यापुढे जिंकतो, कागदापुढे आणि आगीपुढे हरतो. पाणी आणि आग सारख्या प्रमाणात असल्याने ती दोन्ही एकमेकांना खोडतात. उरतं ते एवढंच, की कात्री आणि कागद सारखे हवेत. हाच विचार कागद आणि कात्रीसाठी केला की तिघेही सारखे निघतात. १/३ चे तीन भाग केले की प्रत्येकी १/९.

उत्तर असं: दगड १/९, कागद १/९, कात्री १/९, पाणी १/३, आग १/३. नीट पाहिलं तर हा खेळात दडलेला खेळ आहे. बाहेर ‘तिघे–पाणी–आग’ असं एक दगड-कागद-कात्री चाललंय, आणि त्यातल्या ‘तिघे’ या एका खेळीच्या पोटात दुसरं. पाच समीकरणं मांडून सोडवली तरी हेच उत्तर येतं, पण रचना दिसली की समीकरणांची गरजच उरत नाही.

पाणी तर सगळ्यात दुबळी खेळी. ते आगीइतकं का खेळायचं?

सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथेच. आग तिघांना हरवते, पाणी फक्त एकीला. दगड दोघांना हरवतो, म्हणजे यादीत पाण्याच्या वर. तरीही पाण्याचा वाटा दगडाच्या तिप्पट आहे.

एखादी खेळी किती जणींना हरवते हे मोजणं इथे दिशाभूल करतं. ती कोणाला हरवते आणि तो ‘कोणी’ किती वेळा समोर येतो, हे पाहावं लागतं. पाणी एकाच खेळीला हरवतं, पण ती खेळी आग आहे. पाणी खेळात नसतं तर आगीला रोखणारं कोणीच उरलं नसतं आणि दोघांनी सतत आगच खेळली असती. आगीला काबूत ठेवायला पाणी किती लागेल, हे पाण्याच्या ताकदीवरून ठरत नाही, आगीच्या मोहावरून ठरतं.

थोडक्यात, माझ्या पाण्याचा वाटा तुमच्या आगीची सरासरी शून्यावर आणण्यासाठी आहे. माझ्या आगीचा वाटा तुमच्या पाण्याची सरासरी शून्यावर आणण्यासाठी आहे. समतोलातलं माझं प्रमाण माझ्या आवडीनिवडीतून निघत नाही, समोरच्याच्या हिशोबातून निघतं.

आगीच्या विजयाला २ गुण दिले तर आग जास्त वेळा खेळावी लागेल ना?

उलट, कमी. हिशोब करून पाहा. आता आगीने जिंकणाऱ्याला २ गुण मिळतात आणि हरणाऱ्याचे २ जातात, बाकी सगळं पूर्वीसारखं.

समोरच्याचं पाणी: आगीपुढे १ मिळवतं, तिघांपुढे १ गमावतं. आग आणि तिघे पूर्वीसारखेच समान. समोरच्याची आग: तिघांपुढे २ मिळवते, पाण्यापुढे १ गमावते. म्हणून पाण्याचा वाटा तिघांच्या दुप्पट हवा. प्रमाण निघतं तिघे १, आग १, पाणी २. म्हणजे आग १/४, पाणी १/२ आणि दगड, कागद, कात्री प्रत्येकी १/१२. दगडावर ताळा करा: पाण्यापुढे १/२ ची कमाई, आगीपुढे २ × १/४ ची हानी, बेरीज शून्य.

आगीचं बक्षीस दुप्पट झालं आणि तिचा वाटा १/३ वरून १/४ वर घसरला. बक्षीस वाढताच दोघांनाही आगीचा मोह वाढला, तो मारायला पाणी अर्ध्यावर गेलं, आणि एवढं पाणी फिरत असताना आग पूर्वीइतकी खेळणं परवडेना. मिश्र रणनीती समजली की नाही याची परीक्षा घ्यायची असेल तर मी हाच प्रश्न विचारेन.

समतोलात सगळ्या खेळी सारख्याच, तर मी त्या प्रमाणाला का चिकटून राहू?

शंका रास्त आहे. समोरचा समतोलाचं प्रमाण पाळत असेल तर तुम्ही शंभर डाव दगडच खेळलात तरी तुमची सरासरी शून्यच राहील. त्याच्या प्रमाणापुढे तुमच्या पाचही खेळी सारख्या आहेत, त्यामुळे प्रमाण मोडल्याची शिक्षा लगेच होत नाही.

शिक्षा होते ती समोरच्याच्या लक्षात आल्यावर. तुम्ही दगडच खेळताय हे दिसलं की तो कागदावर किंवा आगीवर जाईल आणि दर डावाला पूर्ण १ गुण काढेल. म्हणून समतोलाचं प्रमाण तुमच्या फायद्याचं साधन नाही, समोरच्याला पकड न देण्याचं साधन आहे. त्याला तुमच्या खेळात कुठेच बोट शिरकवायला फट मिळत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

म्हणजे समतोल खेळून मी जिंकणार नाही?

या खेळात सरासरीने जिंकणार नाही आणि हरणारही नाही. समोर कितीही कच्चा खेळाडू असू दे, तुम्ही १/९, १/९, १/९, १/३, १/३ खेळलात की त्याची सरासरी शून्य. पाचही खेळी समतोलात वापरात असल्यामुळे चूक म्हणावी अशी एकही खेळी उरत नाही.

समोरचा प्रत्येकी १/५ खेळतोय असं पक्कं दिसत असेल तर समतोल सोडून सतत आग खेळणं जास्त फायद्याचं आहे: शंभर डावांत सरासरी शून्याऐवजी ४०. पण मग तुमच्याही खेळात फट पडते. तो मुद्दाम तसा खेळत असेल आणि नंतर पाण्यावर गेला, तर दर डावाला तुमचा १ गुण जाईल. हा निर्णय समोरच्याबद्दलच्या तुमच्या अंदाजावर आहे, समतोलाचं गणित त्यात मदत करत नाही.

चार खेळींचा खेळ का नाही घेतला?

चार खेळींचा एक प्रकार फ्रान्स आणि जर्मनीत मुलं खेळतात. त्यात चौथी खेळी विहीर. दगड आणि कात्री विहिरीत पडतात, म्हणून विहीर त्यांना हरवते. कागद विहीर झाकतो, म्हणून तो विहिरीला हरवतो.

आता दगड आणि विहीर शेजारी ठेवा. दोघेही कात्रीला हरवतात, दोघेही कागदाकडून हरतात. समोर दगड आला तर दगडाची बरोबरी होते, विहीर जिंकते. समोर विहीर आली तर दगड हरतो, विहिरीची बरोबरी होते. विहीर कुठेच दगडापेक्षा वाईट नाही आणि दोन ठिकाणी चांगली आहे. शहाणा खेळाडू दगड कधीच काढणार नाही. उरतात कागद, कात्री, विहीर: प्रत्येकी १/३. नवीन खेळी आली आणि तिने दगडाची जागा घेतली, खेळ होता तसाच राहिला. इथे मात्र समतोल खेळणाऱ्याची कमाई होते: समोरचा अजूनही दगड काढत असेल तर त्याला तशा प्रत्येक डावात सरासरी १/३ गुण गमवावा लागतो.

हा योगायोग वाटेल, पण तसा नाही. दोन वेगळ्या खेळींत नेहमी हार-जीत होत असेल आणि प्रत्येक विजयाला १ च गुण असेल, तर समतोलात वापरल्या जाणाऱ्या खेळींची संख्या विषमच असते. चार खेळी ठेवल्या तर निदान एक तरी मरणारच. डेव्हिड फिशर आणि जेनिफर रायन यांनी १९९२ मध्ये अशा खेळांचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यातला हा भाग सम-विषम एवढं येणाऱ्यालाही पटवता येतो.

वापरातल्या खेळींचे वाटे पूर्णांकात लिहा आणि सामाईक भाजक काढून टाका. आपल्या खेळात ते १, १, १, ३, ३ होतात. कोणतीही एक खेळी घ्या. तिची सरासरी शून्य, म्हणून ती ज्यांना हरवते त्यांची बेरीज आणि ज्यांच्याकडून हरते त्यांची बेरीज सारखी. म्हणजे स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज सम. हे प्रत्येक खेळीला लागू आहे, त्यामुळे प्रत्येक आकडा आणि एकूण बेरीज एकतर दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. सगळे आकडे सम असू शकत नाहीत, कारण मग २ हा सामाईक भाजक राहिला असता. म्हणून सगळे विषम आणि बेरीजही विषम. विषम आकड्यांची बेरीज विषम यायची तर ते आकडे संख्येनेही विषमच हवेत. संपलं.

अट विसरू नका. वेगळ्या खेळींत बरोबरी चालत असेल तर चारही खेळी वापरात राहू शकतात. चौघी गोलात उभ्या, प्रत्येक जण फक्त पुढचीला हरवते आणि समोरासमोरच्यांची बरोबरी, असा खेळ घेतला तर प्रत्येकी १/४ हा समतोल आहे. मात्र तो एकमेव राहत नाही.

हे प्रमाण प्रत्यक्ष हाताने कसं खेळायचं?

डोक्याने नाही. माणूस ‘सहजच’ निवडायला लागला की लागोपाठ तीच खेळी करणं टाळतो. सलग तीन वेळा आग हे त्याला ठरवून केल्यासारखं वाटतं, पण खऱ्या चिठ्ठीत कोणत्याही तीन सलग डावांत तसं होण्याची शक्यता १/२७ आहे.

० ते ९ पैकी यदृच्छ अंक मिळवा. १ आला तर दगड, २ कागद, ३ कात्री, ४ ते ६ पाणी, ७ ते ९ आग. शून्य आला तर टाकून द्या आणि पुन्हा काढा. मागच्या डावात काय झालं याकडे पाहायचं नाही.

समोरचा नीट खेळतोय का हे तपासायचं असेल तर नोंद ठेवा. २७० डावांत आग साधारण ९० वेळा यायला हवी, ७५ ते १०५ मध्ये काहीही आलं तरी शंका घेण्याचं कारण नाही. पण एवढ्यावर थांबू नका. एकूण संख्या बरोबर असूनही क्रम फसवा असतो. आगीनंतरचा डाव पाहा. त्या साधारण ९० जागांपैकी ३० च्या आसपास पुन्हा आग दिसायला हवी. तिथे १० च दिसली तर तो आग टाळतोय. आग टाळणाऱ्यापुढे पाण्याचा उपयोग उरत नाही, पण तुमच्या दगड, कागद, कात्रीला असलेला त्याच्या आगीचा धोका बराच कमी होतो. म्हणजे त्याने आग काढली की पुढच्या डावात तुम्ही दगड, कागद, कात्रीपैकी एकीकडे किंवा आगीकडे झुकायचं. नेमकं कशाकडे, हे त्याचे बाकीचे डाव कुठे जातात त्यावर ठरेल.

समीकरणं न सोडवता उत्तर काढता येतं का?

येतं. जॉर्ज ब्राउन यांनी १९५१ मध्ये सुचवलेली युक्ती अशी: आतापर्यंत समोरच्याने कोणती खेळी किती वेळा केली ते मोजा आणि त्या मोजणीपुढे जी सर्वांत फायद्याची, ती खेळी करा. दोघेही असंच करत राहिले तर दोन खेळाडूंच्या, एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा अशा खेळांत मोजणीचं प्रमाण समतोलाकडे सरकतं, हे जूलिया रॉबिन्सन यांनी त्याच वर्षी सिद्ध केलं.

```python
A = [[ 0,-1, 1, 1,-1],   # दगड
     [ 1, 0,-1, 1,-1],   # कागद
     [-1, 1, 0, 1,-1],   # कात्री
     [-1,-1,-1, 0, 1],   # पाणी
     [ 1, 1, 1,-1, 0]]   # आग
count = [1, 0, 0, 0, 0]
for t in range(100000):
    score = [sum(a*c for a, c in zip(row, count)) for row in A]
    count[score.index(max(score))] += 1
print([round(c / sum(count), 3) for c in count])
```

दोन्ही खेळाडू अगदी सारखे आहेत, म्हणून एकच मोजणी पुरते. आकडे 0.111 आणि 0.333 च्या आसपास घुटमळतील. नेमके तेच येतील अशी अपेक्षा ठेवू नका, ही पद्धत संथ आहे. मध्ये मध्ये खेळी छापून पाहिल्या तर आगीची एक लांब रांग, मग पाण्याची, मग तिघांची असं दिसतं आणि रांगा वाढत जातात. म्हणून पद्धतीतून निघतं ते सरासरी प्रमाण खेळायचं, तिचा क्रम नाही. क्रम खेळलात तर समोरचा तो सहज ओळखेल.

असा समतोल नेहमी असतोच का? तीन खेळाडू असले तर?

एमिल बोरेल यांनी १९२० च्या दशकात असे सममित खेळ ३ आणि ५ खेळींपर्यंत सोडवले होते, पण खेळी वाढल्यावरही हे जमेल याबद्दल ते साशंक होते. १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमान यांनी खेळी कितीही असल्या तरी, मर्यादित असतील तोवर, दोघांच्या अशा खेळात उत्तर असतंच हे सिद्ध केलं. १९५० मध्ये जॉन नॅश यांनी ते कितीही खेळाडूंसाठी आणि नफा-तोटा एकमेकांना खोडत नसलेल्या खेळांसाठीही दाखवलं.

पण तीन खेळाडूंत समतोल असतो एवढंच हमखास. ‘समोरचा काहीही करो, माझी सरासरी शून्याखाली जाणार नाही’ ही हमी दोघांच्याच खेळापुरती आहे. तिघांत बाकीचे दोघे संगनमत करू शकतात, आणि तेव्हा तुमचं प्रमाण समतोलातलं असूनही तुमचं नुकसान होऊ शकतं.